सुभिता ढाकाचा तिसरा अर्ज

पहिले दोन अर्ज मी स्वतः टोपलीत टाकले होते, हे आधीच सांगून टाकते. मागाहून कुणी माझ्याकडे बोट दाखवायला नको.

मी कमलेश. सीकरला पिपराली रोडवर ‘अर्जुनदृष्टी’ नावाचं कोचिंग आहे, तिथे अकरा वर्षं शिक्षकांच्या भरतीचं काम बघते. अर्ज वाचायचे, लेखी परीक्षा घ्यायची, डेमोची, म्हणजे नमुना तासाची, वेळ ठरवायची, मास्तर हवा की नको याच्या चिठ्ठ्या मुलांकडून गोळा करायच्या. जानेवारी ते एप्रिल आमच्याकडे अर्जांचा नुसता पाऊस. आणि खोटं किती लिहावं माणसानं! कुणाचाही अर्ज उघडा, ‘माझे दोनशे विद्यार्थी डॉक्टर झाले’. अरे बाबा, तू शिकवतोयस चार वर्षं, त्यातली दोन सुट्टीवर घालवलीस. एक-एक टॉपर पाच-पाच मास्तरांच्या अर्जात सापडतो. मी हसते आणि पुढचं पान उलटते.

सुभिता ढाकाचा तिसरा अर्ज आला तो एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात. मेडिकलची प्रवेश परीक्षा महिन्यावर आलेली, आणि आमचा वनस्पतिशास्त्राचा एक मास्तर आदल्याच दिवशी जास्त पगारावर कोटा शहरातल्या कोचिंगला पळालेला. तीन तुकड्या उघड्या पडल्या होत्या. आमचे मालक गिरधारी महला सकाळपासून माझ्या टेबलाभोवती घिरट्या घालत होते.

“कमलेशजी, कुणीही आणा. माणूस आणा, बाई आणा, पण फूल आणि पान यातला फरक कळणारं आणा!”

तेवढ्यात हा अर्ज हाती लागला. दीड पानाचा. विषय: वनस्पतिशास्त्र पूर्ण, शिवाय आनुवंशिकी. वर्ग: अकरावी, बारावी, रिपीटर. माध्यम: हिंदी आणि इंग्रजी दोन्ही. डेमोसाठी सोमवार ते शनिवार, दुपारी एकनंतर केव्हाही. ‘विषय आधी कळवला नाही तरी चालेल, वर्गाच्या दारात सांगा.’ एवढं तर धिटाई म्हणून कुणीही लिहील. पण खाली निकालाचा रकाना होता आणि तो वाचून मी चहाचा कप खाली ठेवला.

‘गेल्या दोन वर्षांत स्वतंत्रपणे शिकवलेल्या मुली: एकतीस. सरकारी मेडिकलला प्रवेश: नऊ. पशुवैद्यकीय व नर्सिंग: चार. बाकी अठरा जणींचं काहीही झालं नाही. सर्वांची नावं, परीक्षेचे क्रमांक आणि पालकांचे फोन सोबत जोडले आहेत. नापास झालेल्यांनाही फोन करावा.’

नापास झालेल्यांना फोन करावा! अकरा वर्षांत असं एकाही मास्तरानं लिहिलेलं मी पाहिलं नव्हतं.

मग नाव पाहिलं. हे नाव आमच्या धंद्यात कुणाला माहीत नव्हतं? अडीच वर्षांपूर्वी शेखावाटीतल्या, म्हणजे आमच्या भागातल्या, शिक्षकांच्या व्हॉट्सअॅप गटावर एक मेसेज फिरला होता. गटात चारशेच्या वर माणसं, सगळी कोचिंगवाली. मेसेज असा होता: ‘सुभिता ढाका, वनस्पतिशास्त्र. ऐन सत्रात वर्ग टाकून पळाली. मुलं वाऱ्यावर. सर्व संस्थांनी सावध राहावं.’ आमच्या धंद्यात मास्तर खोटं बोलला तर चालतं, ओरडला तरी चालतं, पण ऐन सत्रात पळाला की तो मेला. त्याला कुणी दारात उभं करत नाही. (कोट्याला पळालेल्याचं काय, असं विचारू नका. तो जास्त पगारावर पळाला, म्हणजे तो ‘गेला’. बाई पळते.)

मेसेज पाठवणारा होता ओमपाल खीचड. आणि हा ओमपाल आता आमच्याकडेच वनस्पतिशास्त्राचा विभागप्रमुख होता.

मी ओमपालला काही विचारलं नाही. आधी फोन केले. लोसल गावच्या एका बापाला लावला, त्याची मुलगी दोनदा नापास झालेली. म्हटलं, आता हा शिव्या घालणार. तो म्हणाला, “मॅडम, माझ्या पोरीचंच डोकं चालत नव्हतं. पण ढाका मॅडमनी तिला एक दिवस कमीपणा दाखवला नाही. आता ती पटवारीच्या परीक्षेला बसलीय, तिचे पेपरही त्याच तपासून देतात.” आणखी सात फोन केले. सातही जण हेच, थोड्याफार फरकानं. दोघींच्या आया तर रडल्या.

या बाईची माहिती मी मग इथून तिथून काढली. बाप कांद्याचा शेतकरी. चार बहिणींतली ही तिसरी, एम.एस्सी. होणारी घरातली पहिली. ‘विजयरेखा’ नावाच्या कोचिंगमध्ये नऊ वर्षं शिकवलं. तिथलं वनस्पतिशास्त्राचं मॉड्यूल, म्हणजे मुलांना देतात ते जाडजूड प्रश्नांचं पुस्तक, हिनं लिहिलं. साडेआठशे प्रश्न. पहिल्या आवृत्तीवर नाव संस्थेचं, ते ठीक, पहिल्या आवृत्तीवर संस्थेचंच असतं. दुसऱ्या आवृत्तीला ही म्हणाली, माझं नाव घाला. तेव्हा ओमपाल तिथे हिच्या हाताखाली होता. तो मालकाच्या कानाला लागला की मॅडम दुसऱ्या संस्थेशी बोलताहेत, पुस्तक घेऊन जाणार आहेत. ऑक्टोबरच्या एका सकाळी हिनं हजेरीच्या यंत्रावर अंगठा ठेवला, तर यंत्र घेईना. पहारेकऱ्यानं पिशवी तपासून बाहेर काढलं. त्याच संध्याकाळी गटावर मेसेज. आणि सहा महिन्यांत ओमपाल आमच्याकडे आला, हातात ‘स्वतःचं’ मॉड्यूल घेऊन. गिरधारीजींनी त्या पुस्तकावरच तर त्याला प्रमुख केलं.

हे सगळं मला कळलं होतं का आधी? अर्धंमुर्धं कळलं होतं. मूग गिळून बसले होते. नोकरी आहे माझी.

अडीच वर्षं ही बाई एका पिठाच्या गिरणीवरच्या खोलीत मुलींना शिकवत होती. खाली चक्की घरघरणार, वर ही पेशीविभाजन सांगणार. खडूची धूळ आणि पिठाची धूळ एकच. ज्यांना मोठ्या कोचिंगची फी झेपत नाही आणि ज्यांना मोठ्या कोचिंगनं चाळणी लावून बाहेर टाकलंय, अशा मुली. त्यातल्या नऊ आज डॉक्टरकी शिकताहेत.

मी गिरधारीजींसमोर अर्ज ठेवला. ओमपाल तिथेच बसला होता, कचोरी खात.

“ढाका?” तो हसला. “अहो, ती पळपुटी! तिला बोलावताय?”

“फोन करून बघितले मी,” मी म्हटलं. “निकाल खरे आहेत.”

“निकाल काय, कुणीही दाखवतं.” मग बोटं पुसत म्हणाला, “पण बोलवा. खरंच बोलवा. विषय मी देतो, आणि शेवटची शंकांची दहा मिनिटं माझ्याकडे. गिरणीवाली बाई आहे, बघू तरी किती बारीक दळते!”

आणि असा काही खो खो हसला की कचोरीचा तुकडा टेबलावर उडाला. गिरधारीजीही हसले. मीही हसले, खोटं कशाला बोलू.

बुधवारी दुपारी ती आली. उंच, काळीसावळी, सुती साडी, पायात पुरुषी चपला. हातात कापडी पिशवी. वय बेचाळीस-त्रेचाळीस. मला वाटलं होतं, दबलेली असेल, अडीच वर्षं दारं बंद झालेली बाई. छे! ती माझ्यासमोर अशी बसली, जणू मुलाखत मीच द्यायला आलेय. ओमपाल आत आला तेव्हा तिनं वर पाहिलं आणि हात जोडले.

“नमस्ते, खीचड सर. बरे आहात ना? पोट जरा सुटलंय.”

ओमपालचं तोंड बघण्यासारखं झालं.

आधी लेखी परीक्षा. पंचेचाळीस प्रश्न, अर्धा तास. शिक्षकांना या परीक्षेचा फार राग येतो, ‘आम्ही काय मुलं आहोत का’ म्हणतात. हिनं वीस मिनिटांत पेपर दिला आणि चव्वेचाळीस बरोबर आले. ओमपालनं तपासलेला पेपर दोनदा उलटसुलट करून पाहिला.

मग तिला घेऊन आम्ही निघालो रिपीटरांच्या तुकडीकडे. ही तुकडी मुद्दाम निवडलेली. एकशे चाळीस मुलंमुली, सगळी एकदा नाही तर दोनदा परीक्षा दिलेली, सगळं आठ-आठ वेळा ऐकून बसलेली. नवा मास्तर आला की ही मुलं त्याला कच्चा खातात. दारात ओमपालनं विषय सांगितला: “फुलातलं लैंगिक प्रजनन. चाळीस मिनिटं.”

तिनं मान हलवली. माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, “बरं झालं. हाच यावा असं वाटत होतं.”

तेव्हा मला कळलं नाही. नंतर कळलं. ओमपाल नवा माणूस पाडायला नेहमी हाच विषय देतो, कारण यात हिशोबाचे प्रश्न येतात आणि फळ्यासमोर माणूस गडबडतो. विजयरेखाला असतानाही तो हेच करायचा. बाईनं सगळं मोजून ठेवलं होतं.

गिरधारीजी, ओमपाल आणि मी शेवटच्या बाकावर बसलो. तिनं पिशवीतून एक कांदा काढला. फुललेला. दांड्याच्या टोकाला पांढऱ्या फुलांचा गेंद असतो ना, तसा. “हा आमच्या शेतातला,” म्हणाली, “खायचा नाही, बघायचा.” तो फिरवायला दिला आणि शिकवायला लागली.

शिकवणं कसं होतं हे मी काय सांगू! मी अकरा वर्षांत हजारभर डेमो पाहिलेत. माझ्या डोक्यात आता काही शिरत नाही. पण त्या दिवशी मला बीजांड कळलं. आवाज चढवला नाही, विनोद केले नाहीत, आमच्याकडचे मास्तर शेरोशायरी करतात तीही नाही. एक-एक पायरी, मुलांकडूनच वदवून घेत. मागच्या बाकावरची कायम झोपणारी पोरं वहीत आकृती काढत होती. गिरधारीजी माझ्या कानात म्हणाले, “ही आपल्याकडे आधी का नाही आली?” मी काय उत्तर देणार, डोंबल?

तीस मिनिटांनी तिनं हात झटकले.

“आता तुमचं मॉड्यूल काढा. पान एकशे बारा. प्रश्न सेहेचाळीस कोण वाचतं?”

एकानं वाचला. गव्हाचे शंभर दाणे तयार व्हायला कमीत कमी किती अर्धसूत्री पेशीविभाजनं लागतील? सगळा वर्ग एका सुरात ओरडला, “एकशे पंचवीस!”

“का?”

“शंभर बीजांडांची शंभर. आणि एका विभाजनातून चार परागकण, म्हणून शंभर परागकणांना पंचवीस.”

“शाब्बास. आता सत्तेचाळीस.”

रवीना नावाची एक मुलगी उठली, सुजानगढची, दुसऱ्यांदा बसणारी. तिनं वाचलं: कांद्याच्या एका फुलात तीन कप्पे, प्रत्येक कप्प्यात दोन बीजांडं. पन्नास फुलांतल्या सगळ्या बीजांडांच्या बिया झाल्या, तर कमीत कमी किती अर्धसूत्री विभाजनं झाली?

“उत्तर?”

मग रवीनाच म्हणाली, “मॅडम, मागे उत्तर तीनशे दिलंय.”

“तुमचं किती आलं होतं?”

मुलीनं मागच्या बाकाकडे बघितलं आणि तिची बोबडी वळली. “माझं... माझं वेगळं आलं होतं. पण सर म्हणाले, प्रश्न नीट वाच.”

“हो का?” सुभितानं खडू खाली ठेवला. “मग सरांनाच विचारू. खीचड सर, पुस्तक तुमचं आहे. वर तुमचं नाव छापलंय. तुम्ही सांगा, तीनशे कसे?”

एकशे चाळीस डोकी मागे वळली. ओमपाल उठला. अजूनही त्याला वाटत होतं, आता शंकांची वेळ आहे आणि मैदान त्याचं आहे. छाती काढून म्हणाला, “सोपं आहे. एका फुलात सहा बीजांडं. पन्नास फुलं. सहा पन्नास तीनशे. तीनशे बिया, तीनशे विभाजनं.”

“आणि पराग?”

“पराग इथे विचारलेला नाही. बिया विचारल्यात.”

“गव्हाच्या दाण्यात पराग धरला. कांद्याच्या बीत धरायचा नाही. कांद्याला पराग आभाळातून पडतो का, सर?”

वर्गात हशा उसळला. असा की छतावरचे पंखे हलले असतील.

“शांत बसा!” ओमपाल ओरडला. “दोन प्रश्नांची भाषा वेगळी आहे.”

“भाषा एकच आहे. कमीत कमी किती विभाजनं. वाचून दाखवू?” तिचा आवाज तसूभर चढला नव्हता. “तीनशे बीजांडांना तीनशे. तीनशे परागकणांना पंचाहत्तर. तीनशे पंचाहत्तर. रवीना, तुझं किती आलं होतं?”

“तीनशे पंचाहत्तर!” पोरगी जवळजवळ किंचाळली. आणि मग मागून चार आवाज, “माझंही!” “माझंही, मॅडम!” दोन वर्षं ही पोरं बरोबर उत्तर लिहून मूर्ख ठरत होती.

ओमपालला घाम फुटला. रुमाल काढला. “छपाईची चूक असेल. छापखान्यात होतं असं.”

“नाही, सर,” ती म्हणाली, “छापखान्याची नाही. चूक माझी आहे.”

सगळ्यांच्या माना पुन्हा तिच्याकडे वळल्या.

तिनं पिशवीतून एक वही काढली. निळ्या पुठ्ठ्याची, कडा कुरतडलेल्या. चालत मागच्या बाकाजवळ आली आणि गिरधारीजींच्या पुढ्यात उघडून ठेवली. मीही वाकून पाहिलं. तिच्या अक्षरात तोच प्रश्न. आधी लिहिलं होतं ‘चाळीस फुलं’. चाळीसवर लाल रेघ, वर ‘पन्नास’. खाली उत्तर: तीनशे.

“चाळीस फुलांच्या दोनशे चाळीस बिया,” ती सांगायला लागली, गिरधारीजींना, पण सगळ्या वर्गाला ऐकू जाईल असं. “आणि परागाची विभाजनं साठ. मिळून तीनशे. उत्तर तेव्हा बरोबर होतं. मग मी आकडा बदलून पन्नास केला आणि उत्तर बदलायचं विसरले. त्या आठवड्यात माझ्या पोरीला टायफॉइड होता, दवाखान्यात बाकावर बसून लिहीत होते. दुसऱ्या आवृत्तीत दुरुस्त करणार होते. पण दुसऱ्या आवृत्तीआधी माझा अंगठा बंद झाला. आता मला सांगा, चूक मी केली, माझ्या वहीत केली, तर ती खीचड सरांच्या पुस्तकात कशी गेली?”

मी ओमपालकडे बघितलं. खरं सांगते, मला गार वाटलं. त्या माणसानं मला अकरा वेळा ‘ऑफिसवाली’ म्हणून हाक मारलीय. त्याचं तोंड पांढरंफटक पडलं होतं आणि मला वाटत होतं, अजून थोडं, बाई, अजून थोडं.

ती थांबली नाही. ओमपालकडे तोंड करून उभी राहिली. “चोरलंत ते चोरलंत, सर. निदान सोडवून तरी बघायचं होतं. साडेआठशे प्रश्नांत एकच चूक होती, आणि तुम्हाला ती दोन वर्षांत दिसली नाही. या मुलीला दिसली. तिला तुम्ही गप्प बसवलंत.”

मुलांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. त्याहून वाईट केलं. सगळी मुलं नुसती ओमपालकडे बघत राहिली.

अर्ध्या तासानं आम्ही चौघं गिरधारीजींच्या खोलीत. मुलांच्या चिठ्ठ्या माझ्या हातात होत्या, एकशे चाळीसपैकी एकशे अडतीस ‘हव्यात’. गिरधारीजी धंद्याचे पक्के. त्यांना न्याय-अन्याय काही नको, त्यांना महिन्याभरात येणारी परीक्षा दिसत होती.

“बघा ढाकाजी,” ते म्हणाले, “उद्यापासून या. तिन्ही तुकड्या तुमच्या. पगार तुम्ही म्हणाल तो. पुस्तकावर नाव तुमचं, नव्या छपाईत घालतो. ओमपालजीही राहतील, परीक्षा तोंडावर आहे, मी दोघांना सोडू शकत नाही. ओमपालजी तुमची माफी मागतील आणि विषय संपला. काय?”

ओमपालनं लगेच हात जोडले. “माफ करा, दीदी. चूक झाली.”

दीदी! आत्तापर्यंत पळपुटी.

“माफी नको,” सुभिता म्हणाली. “माफी तुम्ही घरी घेऊन जा. मला गटावर मेसेज हवाय. ज्या गटावर तो टाकला होता, त्याच गटावर. आत्ता, माझ्यासमोर.”

“अहो, गटात चारशे माणसं...”

“तेव्हाही होती.”

ओमपालनं गिरधारीजींकडे बघितलं. गिरधारीजींनी खिडकीकडे बघितलं. मग त्यानं फोन काढला आणि टाइप करून तिच्यापुढे धरला. मी मागून वाचलं. ‘ढाका मॅडमबद्दल पूर्वी काही गैरसमज झाला होता.’

“गैरसमज कुणाचा झाला होता? तुमचा?” तिनं विचारलं. “पुसा.”

त्यानं पुसलं. पुन्हा लिहिलं. ‘मला मिळालेली माहिती चुकीची होती.’

“माहिती कुणी दिली होती तुम्हाला? नाव घाला त्याचं.”

ओमपालनं फोन खाली ठेवायला हात नेला.

“मग पुसा.”

ओमपालचा आवाज चिरकला. “दीदी, माझी पोरगी दहावीत आहे. तिच्या मैत्रिणींचे बाप गटात आहेत. तिनं तोंड कुठे दाखवायचं?”

“माझी आठवीत होती,” सुभिता म्हणाली. “तिच्या बाईंनी वर्गात विचारलं, तुझी आई पळाली म्हणे, कुणाबरोबर? लिहा. मी सांगते तसं लिहा. मी, ओमपाल खीचड, खोटं लिहिलं होतं. सुभिता ढाका पळाल्या नाहीत, त्यांना काढलं. मॉड्यूल त्यांचं आहे. मी ते माझ्या नावानं विकलं.”

तो लिहीत होता आणि अक्षरं चुकत होती. प्रत्येक चुकीला ती म्हणत होती, “नीट करा.” जशी मुलांची वही तपासावी तशी. मला मघाशी गार वाटलं होतं, आता जरा भीती वाटायला लागली. पण थांबवलं कुणी? कुणी नाही.

त्यानं पाठवलं. गिरधारीजींचा फोन वाजला. माझा वाजला. बाहेर कार्यालयात, जिन्यात, स्टाफरूममध्ये एकापाठोपाठ एक फोन वाजत गेले. ओमपाल उठला, खुर्चीला अडखळला आणि काही न बोलता बाहेर गेला. सुभिताच्या चेहऱ्यावर हसू वगैरे काही नव्हतं. तिनं वही पिशवीत घातली.

मी नेमणुकीचं पत्र तिच्यापुढे सरकवलं. जरा गोड आवाज काढला. “मॅडम, इथे सही करा. उद्या पहिला तास आठला. आणि खरंच, मला फार आनंद झालाय. तुमचे निकाल मी स्वतः फोन करून तपासले बरं का.”

तिनं पेन घेतलं. सही केली नाही.

“कमलेशजी,” ती म्हणाली, “तो जुना मेसेज तुम्ही पुढे किती जणांना पाठवला होतात?”

मी पत्राचा कोपरा उगाच सरळ करायला लागले. गिरधारीजी माझ्याकडे बघायला लागले.

“झुंझुनूच्या एका शाळेत मला शिक्षिका म्हणून घेणार होते,” ती म्हणाली. “मुख्याध्यापकांनी फोन माझ्याकडे वळवून तो मेसेज दाखवला मला. वर तुमचं नाव होतं. खाली तुम्ही स्वतः एक ओळ जोडली होती, ‘खात्रीची बातमी आहे’.”

खात्रीची. हो, लिहिलं होतं मी. चहा पिता पिता लिहिलं होतं. या बाईला मी तेव्हा ओळखतही नव्हते.

“किती?”

“तिघांना,” मी म्हटलं. मग तिच्या डोळ्यांकडे बघवेना. “सहा. सहा जणांना.”

“मग हा आजचा मेसेजही त्या सहा जणांना पाठवा. आणि खाली तीच ओळ लिहा.” तिनं पेनाचं टोपण परत लावलं आणि खुर्चीत मागे टेकून बसली. “लिहा. मी थांबते.”